उचकी पोटाची नव्हती

"डॉक्टर, माझी धाकटी बहीण 29 वर्षांची आहे. आम्ही ऐरोलीत राहतो, ती महाप्याला नोकरी करते. गेल्या जूनमध्ये तिला अठरा दिवस उचकी आणि उलट्या होत होत्या. एंडोस्कोपी नॉर्मल आली, ॲसिडिटी म्हणून औषधं दिली, मग आपोआप थांबलं. ऑगस्टमध्ये उजवा डोळा दुखायला लागला आणि तीन दिवसांत जवळजवळ दिसेनासं झालं. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, पुरेसा फरक पडला नाही म्हणून पाच वेळा प्लाझ्मा बदलला. आता त्या डोळ्याला 6/12 दिसतं. रक्तात ॲक्वापोरिन-4 ची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. प्रेडनिसोलोन आणि ॲझाथायोप्रिन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, हा ॲस्ट्रोसाइटचा आजार आहे. मी बीएस्सीला झूलॉजी घेतलं होतं, तिथे ग्लिया पेशी न्यूरॉनला नुसता आधार देतात असं शिकलो. मग आधाराची पेशी बिघडून दृष्टी कशी जाते? आमच्या चुलत वहिनींना एमएस आहे. त्यांचं इंजेक्शन हिला चालेल का? गोळ्यांनी हिचा चेहरा सुजलाय. सात महिने सगळं ठीक आहे, आता गोळ्या बंद करा, असं आई म्हणते."
— एक भाऊ, ऐरोली

आधी आईंना सांगा की गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि वहिनींचं इंजेक्शन हिला द्यायचं नाही. तुम्ही त्याचं नाव लिहिलेलं नाही, पण एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात वर्षानुवर्षं दिलं जाणारं इंजेक्शन बऱ्याचदा इंटरफेरॉन बीटा असतं, आणि तुमच्या बहिणीच्या आजारात, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकामध्ये, त्याने झटके, म्हणजे आजाराचे नवे हल्ले, वाढू शकतात. नॅटॅलिझुमॅब आणि फिंगोलिमॉड या एमएसच्या आणखी दोन औषधांनीही अशा रुग्णांची तब्येत बिघडली आहे. बाहेरून दोन्ही आजार सारखे दिसतात. डोळा जातो, पायांतलं बळ जातं, एमआरआयवर डाग दिसतात. पण कुठली पेशी मार खाते हे दोन्हींत वेगळं आहे, आणि तुमचा झूलॉजीचा प्रश्न नेमका तिथेच जातो. म्हणून तो मी सविस्तर घेते.

'आधार' ही कल्पना फार जुनी आहे. 1850च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी मेंदूतल्या या मधल्या भरावाला 'न्यूरोग्लिया' असं नाव दिलं, त्याचा अर्थ जवळपास 'मज्जातंतूंमधली लांबी'. रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात ती लांबी. तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकातून तसंच दिसत होतं. पुढे त्या भरावात वेगवेगळ्या जातीच्या जिवंत पेशी सापडल्या, त्यांची कामं कळत गेली, तरी पाठ्यपुस्तकातली ओळ तशीच राहिली. तुमच्या बहिणीचा आजारही याच समजुतीत अडकून पडला होता. फ्रेंच डॉक्टर यूजीन देविक यांनी 1894 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि नंतरची शंभरावर वर्षं तो एमएसचाच एक उग्र प्रकार मानला गेला. 2004 मध्ये मेयो क्लिनिकमधल्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या रुग्णांच्या रक्तात एक वेगळी अँटीबॉडी मिळाली. ती कशावर जाऊन बसते याचा शोध 2005 मध्ये लागला. ती न्यूरॉनवर बसत नाही, न्यूरॉनच्या तंतूंभोवतीच्या मायलिन या आवरणावरही बसत नाही. ती बसते ॲस्ट्रोसाइट या ग्लिया पेशीवर.

आता ही पेशी डोळ्याच्या नसेत काय करते ते बघू. ॲस्ट्रोसाइटला पुष्कळ फांद्या असतात. काही फांद्या न्यूरॉनच्या तंतूंपाशी जातात, काही जवळच्या बारीक रक्तवाहिनीपाशी. रक्तवाहिनीपाशी पोचलेल्या फांदीचं टोक पसरट होऊन तिला चिकटतं, आणि अशी टोकं शेजारी शेजारी बसून मेंदूतल्या केशवाहिन्यांचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग झाकून टाकतात. रक्त आणि मज्जासंस्था यांच्या सीमेवर या टोकांचा पहारा असतो. याच टोकांवर ॲक्वापोरिन-4 ची दाटी असते. ॲक्वापोरिन म्हणजे पेशीच्या आवरणातलं पाण्याचं दार. अशी दारं असतात हे दाखवल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्ही नवी मुंबईतले आहात, धारण तलावांची दारं तुम्हाला माहीत असतील. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि ओहोटीला साठलेलं पाणी बाहेर जावं, अशी ती एका बाजूने उघडतात. ॲक्वापोरिनचं तसं नाही. ते दोन्ही बाजूंना मोकळं असतं, पाणी कुठे जायचं ते दोन्हीकडच्या क्षारांच्या प्रमाणावर ठरतं.

न्यूरॉनचा तंतू संदेश पाठवतो तेव्हा त्याच्यातून पोटॅशियम बाहेर पडतं. ते तिथेच साठलं तर पुढचे संदेश बिघडतात. ॲस्ट्रोसाइट ते शोषून घेते, सोबत पाण्याचा हिशेब ठेवते. ग्लुटामेट नावाचं रसायनही तीच उचलते. ग्लुटामेट वेळच्या वेळी उचललं गेलं नाही तर आसपासच्या पेशींना ते विषासारखं होतं. यात 'आधार' शोधायला गेलात तर सापडेल, पण माझ्या मते तो शब्द इथे दिशाभूल करतो. हे काम थांबलं की न्यूरॉन पूर्णपणे धडधाकट असूनही त्याच्याकडून काम होत नाही.

ऑगस्टमध्ये तुमच्या बहिणीच्या उजव्या डोळ्यामागे जे घडलं, त्याचा क्रम असा. रक्तातली अँटीबॉडी नसेच्या आत शिरली आणि ॲस्ट्रोसाइटच्या टोकांवरच्या ॲक्वापोरिनला चिकटली. ही दारं तिथे गटागटाने, अगदी जवळजवळ बसलेली असतात, त्यामुळे अँटीबॉड्याही एकमेकींना लागून बसल्या. अशी दाटी झाली की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जागी होतात. ती एकापाठोपाठ एक जोडली जाऊन पेशीच्या आवरणाला अक्षरशः भोक पाडतात. ॲस्ट्रोसाइट फुटली. त्या गडबडीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी ओढल्या गेल्या, नसेला सूज आली, आणि डोळा हलवला की दुखायला लागलं. मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी शेजारीच असतात. ॲस्ट्रोसाइट गेल्यावर त्या तग धरू शकल्या नाहीत, मायलिन गेलं, तंतू उघडे पडले आणि त्यांतले काही कायमचे मेले. न्यूरॉनचा नंबर या रांगेत शेवटचा आहे. दृष्टी मात्र त्याच्या तंतूतून जाते, म्हणून आपल्याला कळतं ते फक्त शेवटचं पाऊल.

हा नुसता तर्क नाही. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये अशा रुग्णांच्या मज्जारज्जूतल्या जखमा तपासल्या, तेव्हा ॲक्वापोरिन आणि ॲस्ट्रोसाइटच्या खुणा नाहीशा झाल्या असूनही मायलिन बऱ्यापैकी शाबूत असल्याच्या जागा त्यांना मिळाल्या. एमएसमध्ये चित्र याच्या उलट असतं. झटक्याच्या वेळी या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात ॲस्ट्रोसाइटचं स्वतःचं एक प्रथिनही एमएसच्या कित्येक पट जास्त सापडतं. पेशी फुटल्याशिवाय ते तिथे एवढं येत नाही.

झूलॉजीवाल्या माणसाला इथे एक शंका यायला हवी. ॲक्वापोरिन-4 मूत्रपिंडात आहे, स्नायूंत आहे, जठरातही आहे. मग हिच्या किडनीला काही का झालं नाही? त्यामागचं एक कारण म्हणजे बाकीच्या अवयवांतल्या पेशींवर कॉम्प्लिमेंटला अडवणारी प्रथिनं असतात. ॲस्ट्रोसाइटच्या टोकांवर हे संरक्षण तोकडं पडतं.

आणि आता ती उचकी. मेंदूच्या देठात, लंबमज्जेच्या मागच्या बाजूला 'एरिया पोस्ट्रेमा' नावाची एक लहानशी जागा आहे. रक्तात काही विषारी आलं तर ते ओळखून उलटी करवणं हे तिचं काम, म्हणून तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा मुद्दामच सैल असतो. ॲक्वापोरिन-4 ही तिथे भरपूर असतं. रक्तातल्या अँटीबॉडीला आत शिरायला याहून सोपी जागा नाही. जूनमधले ते अठरा दिवस म्हणजे तुमच्या बहिणीचा पहिला झटका होता. पोट नॉर्मल निघालं कारण पोटाला काही झालेलंच नव्हतं. 2015 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत, दुसऱ्या कशानेही समजावता न येणारी उचकी किंवा मळमळ-उलटी हे या आजाराच्या सहा मुख्य लक्षणांपैकी एक आहे. डोळा आणि मज्जारज्जू यांच्या बरोबरीने.

हे लिहिताना मला पंधरा वर्षांपूर्वीची एक बाई आठवते. तिलाही दोन आठवडे उचकी होती, मी तिची नस-नाडी तपासली, सगळं ठीक म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. दीड महिन्याने ती व्हीलचेअरवर आली. तेव्हापासून 48 तासांच्या वर टिकलेली उचकी असेल आणि पोटात कारण मिळत नसेल, तर मी ही रक्ततपासणी करते. तुमच्या पहिल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. पण हिला पुन्हा कधी अशी उचकी लागली तर ॲसिडिटीची गोळी देऊन घरी वाट बघू नका.

मायक्रोग्लिया या दुसऱ्या जातीच्या ग्लिया पेशींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी ते यातून सुटत नाहीत. ते मेंदूतले रक्षक म्हणून ओळखले जातात, जंतू आणि मेलेल्या पेशी खाऊन टाकणारे. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत ते पीतकोशातून मेंदूत येतात आणि तिथलेच होऊन राहतात. निरोगी मेंदूतही ते स्वस्थ बसत नाहीत, त्यांच्या फांद्या सतत आजूबाजूला चाचपडत असतात. 2020 मध्ये मेयो क्लिनिकमधल्याच, लेनन यांचा सहभाग असलेल्या एका गटाने उंदरांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ही अँटीबॉडी सोडली, बाहेरचं कॉम्प्लिमेंट मात्र दिलं नाही. ॲस्ट्रोसाइट मेल्या नाहीत, त्यांनी फक्त ॲक्वापोरिन गमावलं. तरीही उंदरांचे पाय अशक्त झाले. ॲस्ट्रोसाइट स्वतःच कॉम्प्लिमेंटचा एक तुकडा तयार करून मायक्रोग्लियाला हाक देत होत्या, आणि मायक्रोग्लिया येऊन त्यांना बिलगत होते. मायक्रोग्लियाशिवाय ती अशक्तता येत नव्हती. म्हणजे सुरुवातीचा बिघाड दोन ग्लिया पेशींच्या आपसातल्या संवादातून झाला, पेशी फुटण्याच्या आधीच. हे उंदरांतलं आहे, त्यावरून हिच्या औषधात काही बदलत नाही. पण उपचाराला एका दिवसाचाही उशीर नको असं आम्ही का म्हणतो, ते यातून तुम्हाला समजेल. पेशी जिवंत आहे तोवर परत फिरायला वाव असतो.

हा क्रम डोक्यात ठेवलात की तिच्या उपचारांची संगती लागते. सलाइनमधल्या स्टेरॉइडने सूज आणि पांढऱ्या पेशींचा हल्ला शांत केला. प्लाझ्मा बदलल्याने अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंट दोन्ही रक्तातून काढून टाकले, म्हणून स्टेरॉइडने जे झालं नाही ते त्यानंतर झालं. ॲझाथायोप्रिन नव्या अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशींची वाढ रोखतं. 2019 मध्ये एक्युलिझुमॅब या कॉम्प्लिमेंट रोखणाऱ्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांपैकी 3 टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला, न घेणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांना. ते औषध इतकं महाग आहे की मी ते तुम्हाला सुचवत नाही. पण दोन आकड्यांतला फरक बघा, कॉम्प्लिमेंटच पेशी फोडतं याचा माणसांतला पुरावा तो आहे. आपल्याकडे ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा रिटुक्सिमॅब यांवर बहुतेक रुग्ण सांभाळले जातात.

आईंचं म्हणणं मला कळतं. मुलगी बरी दिसतेय, मग रोज औषध कशाला? एमएसमध्ये झटके नसतानाही नुकसान आतून हळूहळू चालू राहू शकतं. या आजारात तसं सहसा होत नाही, जे जातं ते झटक्यात जातं. आणि एकेक झटका बरंच काही घेऊन जातो. सात महिने काही झालं नाही, कारण औषध चालू होतं. पुढचा झटका डाव्या डोळ्यावर येईल की मज्जारज्जूवर, हे कुणीच सांगू शकत नाही. अँटीबॉडीची पातळी पुन्हा पुन्हा मोजायलाही जाऊ नका. ती कमी आली किंवा अगदी निगेटिव्ह आली तरी त्यावरून औषध थांबवता येत नाही.

आईंच्या तक्रारीतला अर्धा भाग मात्र रास्त आहे. चेहरा सुजलाय तो प्रेडनिसोलोनमुळे, ॲझाथायोप्रिनमुळे नाही. ॲझाथायोप्रिनचा पूर्ण परिणाम यायला चार ते सहा महिने लागतात, तोवरची मधली फट स्टेरॉइडने भरायची असते. सात महिने झाले आहेत, तेव्हा स्टेरॉइड आता टप्प्याटप्प्याने कमी करता येईल का, हे तिच्या डॉक्टरांना येत्या भेटीत स्पष्ट विचारा. स्वतःहून एकदम थांबवू नका. झटक्याची भीती आहेच, शिवाय इतके महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं, आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो. ॲझाथायोप्रिन चालू आहे तोवर रक्तपेशी आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. ताप किंवा घशात फोड आले तर लगेच कळवा. घरात कुणाची युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉलची गोळी असेल तर ती हिने कधीही घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात.

रिपोर्टवर एक गोष्ट तपासा: चाचणी कोणत्या पद्धतीने केली? 'सेल बेस्ड ॲसे' लिहिलं असेल तर निकाल भरवशाचा. 'एलायझा' असेल आणि आकडा सीमारेषेजवळ असेल तर पुन्हा खात्री करावी लागते. हिच्या बाबतीत उचकी आणि डोळा दोन्ही चित्रात चपखल बसतात, त्यामुळे मला निदानाबद्दल फारशी शंका वाटत नाही.

उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणून हेही सांगते. मे महिन्यात ऐरोली स्टेशनवर दुपारी गाडीची वाट बघत उभी राहिली, की उजव्या डोळ्याला अर्धा तास धूसर दिसेल, आणि गार जागी बसली की पूर्ववत होईल. याला झटका म्हणत नाहीत. मायलिन गेलेल्या तंतूतून अंग तापल्यावर संदेश नीट जात नाही, एवढंच. ताप आला किंवा लघवीचा संसर्ग झाला तरी जुनी लक्षणं अशी डोकं वर काढतात. खऱ्या झटक्यात लक्षण नवं असतं किंवा जुनंच ठळकपणे वाढलेलं असतं, आणि ते चोवीस तासांनीही ओसरत नाही. डोळ्यासाठी घरातली एखादी लाल बाटली ठेवा. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून तिच्याकडे बघायचं. उजव्या डोळ्याला लाल रंग थोडा विटका दिसत असेल, तो आता तसाच राहील. डाव्यालाही विटका दिसायला लागला किंवा उजव्याचा आणखी उतरला, तर त्याच दिवशी फोन करा. छाती-पोटाभोवती करकचून पट्टा बांधल्यासारखं वाटणं, दोन्ही पायांना बधिरपणा, लघवी अडकणं, ही मज्जारज्जूची लक्षणं. त्यांना चोवीस तासांचीही वाट नको.

आणि तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून चिकटवा, तीच तिच्या मोबाइलमध्येही ठेवा: 'ॲक्वापोरिन-4 पॉझिटिव्ह, एमएस नाही, इंटरफेरॉन देऊ नये, स्टेरॉइड चालू आहे.' रात्री दोन वाजता एखाद्या अनोळखी कॅज्युअल्टीत जावं लागलं, तर तिथला ड्युटीवरचा तरुण डॉक्टर सगळ्यात आधी ती ओळ वाचेल.